ताटात ओतलेली तीस बटणं

गोष्ट तशी छोटीच आहे. पाच वर्षांची एक मुलगी आजीच्या कपाटातला पत्र्याचा जुना डबा बाहेर काढते, त्यातली बटणं स्टीलच्या ताटात ओततात तेव्हा होणारा खणखणाट ऐकून खूश होते आणि ती वेगवेगळी करायला बसते. आधी रंगानं, मग लहान-मोठेपणानं, मग भोकांच्या संख्येनं. कुणी हरवत नाही, कुणी सापडत नाही, राक्षस नाही की राजपुत्र नाही. तरीही मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्यांनी नेमक्या याच कामाकडे गेली शंभरेक वर्षं फार बारकाईनं पाहिलं आहे. मूल गोष्टी कशा वेगळ्या करतं, कुठे अडतं, अडल्यावर काय करतं, यावरून त्याच्या डोक्यात काय चाललंय याचा बराच अंदाज बांधता येतो.

म्हणून ही गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी. मुलगी कल्पनेतली आहे, पण तिच्या हातून जे काही घडतं ते पाच वर्षांच्या मुलांकडून खरोखरच घडत असतं.

डब्यात फक्त बटणं असतात असं समजू नये. अशा डब्यात ब्लाउजचे हुक असतात, गंजलेल्या सेफ्टी पिना असतात, एखादी सुई, तुटलेल्या माळेतले मणी आणि चलनातून गेलेलं नाणंही असतं. त्यामुळे पहिली वर्गवारी रंगाची नसते. ‘बटण आहे’ आणि ‘बटण नाही’ ही पहिली वाटणी, आणि ती मोठ्या माणसानंच मुलाच्या शेजारी बसून करावी. टोचणाऱ्या वस्तू काढायच्या हे कुणालाही सुचतं. मात्र जास्त धोका एका चकचकीत, गोल, चपट्या वस्तूचा असतो. घड्याळातला किंवा खेळण्यातला छोटा सेल चांदीच्या बटणासारखाच दिसतो आणि अशाच डब्यांमध्ये जाऊन पडतो. तो गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. असा सेल पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठायचं असतं. साधी बटणंही तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण ती घशात अडकतात.

आजीनं हुक, पिना, सुई बाजूला काढली. नातीनं एक टिचबटण उचललं आणि विचारलं, “आजी, हे बटण आहे की नाही?” प्रश्न चांगला आहे. टिचबटणाला काज लागत नाही, ते दोन तुकड्यांचं असतं, पण काम बटणाचंच करतं आणि नावातही बटण आहेच. आजी म्हणाली, “तूच ठरव, बाळा. पण एकदा ठरवलंस की सगळ्या टिचबटणांना तोच नियम.” नातीनं ती बाहेर ठेवली. ताटात उरली तीस बटणं.

रंगापासून सुरुवात होते, कारण रंग आधी डोळ्यांत भरतो. मुलगी पांढरी एकीकडे ओढते, काळी दुसरीकडे, लाल तिसरीकडे. पण थोड्या वेळानं तिच्या हातून काहीतरी भलतंच होऊ लागतं. काळ्या बटणांचा ढीग न करता ती त्यांची रांग लावते. रांगेच्या टोकाला एक मोठं बटण ठेवते आणि म्हणते, “ही आगगाडी.” मग गाडीला लाल दिवा हवा म्हणून एक लाल बटण काळ्यांच्या रांगेत जाऊन बसतं. मोठ्यांना वाटतं, मुलीचं लक्ष उडालं. स्वित्झर्लंडमधले संशोधक जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी 1959मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नेमकं हेच नोंदवलं आहे. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सारख्या वस्तू एकत्र ठेवायला सांगितलं, की ती बरेचदा वस्तूंचं चित्र बनवतात: गाडी, घर, रस्ता. त्यांच्यासाठी ‘एकत्र असणं’ म्हणजे एका चित्रात शोभून दिसणं. गुणधर्म सारखा म्हणून एका गटात, ही कल्पना त्यानंतर हळूहळू पक्की होते.

रशियातले मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी त्याआधीच आणखी एक गमतीची रीत टिपली होती. त्यांच्या प्रयोगांत वेगवेगळ्या रंगांचे, आकारांचे, उंचीचे लाकडी ठोकळे असत. मूल एका पिवळ्या त्रिकोणी ठोकळ्याशी जुळणारे ठोकळे वेचायला लागे, एक-दोन त्रिकोण घेई, त्यातला एखादा त्रिकोण निळा निघाला की पुढे निळे ठोकळे घेऊ लागे, त्यात एखादा गोल आला की मग सगळे गोल. प्रत्येक ठोकळा आधीच्या ठोकळ्याशी जुळतो, पण पहिल्याचा आणि शेवटच्याचा काही संबंध राहत नाही. विगॉट्स्की याला साखळी म्हणत. बटणांच्या ताटात ही साखळी अगदी उघड दिसते: पांढरं मोठं, मग काळं मोठं, मग काळं लहान, मग लाल लहान. अशा वेळी “चुकलं” म्हणण्यापेक्षा “हे त्याच्या शेजारी का ठेवलंस?” असं विचारलं, तर मूल कारण सांगतं, आणि प्रत्येक वेळी वेगळं कारण सांगतंय हे त्याचं त्यालाच ऐकू येतं.

आगगाडी एकदा स्टेशनात गेली, म्हणजे रंगांचे तीन ढीग झाले: पांढरी चौदा, काळी नऊ, लाल सात. यात एक बटण मात्र बराच वेळ हातात राहिलं होतं. ते साईच्या रंगाचं होतं. जुन्या शर्टाचं पांढरं बटण वर्षानुवर्षांच्या उन्हानं आणि धुण्यानं पिवळसर पडतं, तसं. ते पांढऱ्यात टाकायचं की त्याचा वेगळा ढीग करायचा? इथे रंगाचा खरा स्वभाव कळतो. रंगात पायऱ्या नसतात, उतार असतो. पांढरा कुठे संपला आणि पिवळा कुठे सुरू झाला याची रेघ वस्तूवर काढलेली नसते, ती आपण काढतो. मुलीनं पांढऱ्या कागदावर ते ठेवून पाहिलं, मग इतर पांढऱ्या बटणांच्या शेजारी ठेवून पाहिलं आणि पांढऱ्यांतच घेतलं. दुसऱ्या मुलानं वेगळा ढीग केला असता, तर तोही चुकला नसता. फक्त त्यानं इतर पिवळसर बटणांनाही तोच न्याय लावायला हवा होता.

सगळी बटणं पुन्हा एकत्र करून आजी म्हणाली, “आता लहान-मोठी वेगळी कर.”

रंगाचं काम संपल्यावर हे सोपं वाटतं, प्रत्यक्षात ते अगदी वेगळ्या जातीचं असतं. लाल बटण एकटं असलं तरी लालच असतं. मोठं बटण एकटं असताना मोठं नसतं, शेजारी लहान असेल तरच ते मोठं. म्हणजे रंग पाहायला एक बटण पुरतं, माप पाहायला किमान दोन लागतात. म्हणूनच मुलं इथे दोन-दोनच्या जोड्या लावताना दिसतात, एक मोठं आणि एक लहान, परत एक मोठं आणि एक लहान. मग एका जोडीतलं ‘लहान’ दुसऱ्या जोडीतल्या ‘मोठ्या’पेक्षा मोठं निघतं आणि सगळा डाव विस्कटतो.

शिवणकामाच्या धंद्यात हा घोळ एका जुन्या फ्रेंच मापानं मिटवला आहे. बटणाचा व्यास ‘लाइन’मध्ये मोजतात आणि चाळीस लाइन म्हणजे एक इंच. शर्टाच्या पुढच्या पट्टीची बटणं साधारणपणे सोळा ते अठरा लाइनची, म्हणजे दहा-अकरा मिलिमीटरची असतात. चोवीस लाइनचं बटण पंधरा मिलिमीटर भरतं. कोटाच्या पुढे लागणारं बत्तीस लाइनचं बटण वीस मिलिमीटर, म्हणजे दोन सेंटिमीटर. हे आकडे मुलीला सांगायची गरज नाही, पण शेजारी बसलेल्या मोठ्याला माहीत असले तर एक गोष्ट लक्षात येते: सोळा आणि अठरा लाइनमधला फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा आहे, तो डोळ्यांनी ओळखणं मोठ्यांनाही जड जातं.

मुलीनं स्वतःच एक युक्ती काढली. एक बटण दुसऱ्यावर ठेवायचं. खालच्याची कड चहूबाजूंनी दिसली, तर खालचं मोठं. कड दिसली नाही, तर खालचं लहान किंवा दोन्ही सारखी. मग उलटून पुन्हा ठेवायचं. ही युक्ती फार चांगली आहे, कारण त्यात जाडी मध्ये येत नाही. नुसतं हातात घेतलं, तर जाड बटण मुलांना मोठं वाटतं आणि पातळ, रुंद बटण लहान. एकावर एक ठेवलं की तुलना फक्त व्यासाची होते. या रीतीनं तिचे तीन गट झाले: लहान बारा, मधली तेरा, मोठी पाच. मोठ्या पाचात चार काळी, कोटाची, आणि एक एकटंच पांढरं होतं.

तीन गट करायचे, असं कुणी सांगितलं होतं का? नाही. मुलीनं दोनही केले असते, किंवा सगळी तीस बटणं एका रांगेत लहानापासून मोठ्यापर्यंत लावली असती. मापाच्या बाबतीत रांग हीच खरी रचना आहे, गट हे त्या रांगेला आपण दिलेले काप असतात. रंगांची अशी सगळ्यांना मान्य होणारी एकच रांग लागत नाही. मुलांना बटणं ओळीनं लावू देणं म्हणूनच वेगळं करायला सांगण्याइतकंच महत्त्वाचं आहे. सात-आठ वर्षांच्या आसपास मुलं उरलेल्यांतलं सर्वांत लहान शोधायचं, मग त्यानंतरचं, अशा शिस्तीनं रांग लावू लागतात. पाच वर्षांचं मूल रांग लावतं ती घुसवत, काढत, पुन्हा घुसवत.

तिसरी फेरी भोकांची. इथे वाद जवळजवळ मिटतो. बटणाला बहुतेक वेळा दोन भोकं असतात किंवा चार. पिवळसर पांढऱ्यासारखं ‘जरासं चार भोकांचं’ बटण नसतं. शिवाय तीन-चार इतक्या कमी संख्या मुलांना न मोजता, एका नजरेत कळतात. त्यामुळे ही वाटणी सर्वांत भराभर होते. दोन भोकांची अकरा, चार भोकांची सोळा.

अकरा आणि सोळा म्हणजे सत्तावीस. तीन राहिली. ती लाल, लहान, एखाद्या फ्रॉकची असावीत. त्यांच्या तोंडावर भोकच नाही, मागे छोटी कडी आहे आणि दोरा त्या कडीतून जातो. “याला भोकं नाहीत,” मुलगी म्हणाली आणि ती तीन बटणं ताटाबाहेर ठेवायला लागली. भोकं मोजायची आणि याला भोकंच नाहीत, तेव्हा हे खेळात नाही, असा तिचा हिशेब. हा हिशेब मुलांच्या दृष्टीनं अगदी सरळ आहे. शून्य हीसुद्धा एक संख्या आहे आणि ‘शून्य भोकं’ हाही एक गट होऊ शकतो, ही कल्पना एक, दोन, तीन यांच्यापेक्षा पुष्कळ उशिरा रुजते. आजीनं विचारलं, “ही बटणं आहेत ना?” “हो.” “मग त्यांना बसायला जागा नको?” तिसरी जागा झाली.

भोकांचा आणि कामाचा संबंधही याच वेळी दाखवता येतो. दोन भोकांचं बटण पटकन टाकलं जातं. चार भोकांच्या बटणाला दोन समांतर किंवा फुलीचे टाके घालता येतात, त्यामुळे एका जोडीतला दोरा झिजून तुटला, तरी दुसऱ्या जोडीवर बटण तग धरतं. ज्या बटणावर रोज ताण येतो तिथे चार भोकं म्हणूनच बरी. कडीच्या बटणाचा फायदा वेगळा: कडीमुळे बटण कापडापासून किंचित वर राहतं आणि जाड कापडाचं काज त्याखाली नीट बसतं. सदऱ्याला लावायची चांदीची किंवा सोन्याची बटणंही मागे कडीचीच असतात, ती तर शिवतही नाहीत, काढून ठेवता येतात.

तीन वेळा वाटणी झाली आणि तिन्ही वेळा बेरीज तीसच आली. चौदा, नऊ, सात. बारा, तेरा, पाच. अकरा, सोळा, तीन. मोठ्यांना यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. पाच वर्षांच्या मुलाला मात्र ते तपासून पाहावंसं वाटतं, आणि पाहू द्यावं.

आतापर्यंत एक गोष्ट आपण गृहीत धरली: आजीनं नियम बदलला की मुलगीही नियम बदलते. हे सगळ्यांना जमत नाही. मुलीचा साडेतीन वर्षांचा धाकटा भाऊ आजीच्या मांडीवर बसून रंगांचे ढीग करत होता. आजी म्हणाली, “आता भोकं बघून ठेव.” तो “हो” म्हणाला आणि पुढचं लाल बटण लाल ढिगातच ठेवलं. हा हट्ट नव्हे. कॅनडात काम केलेले संशोधक फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात यावर पत्त्यांचा एक साधा खेळ बेतला. पत्त्यांवर लाल आणि निळे ससे, लाल आणि निळ्या होड्या. आधी रंगानं लावायचे, मग चित्रानं. तीन वर्षांची बहुतेक मुलं नियम बदलल्यानंतरही रंगानंच लावत राहतात. चकित करणारी बाब पुढेच आहे. “आता ससे कुठे जातात?” असं विचारलं, तर ती बरोबर जागा दाखवतात आणि लगेच पुढचा पत्ता पुन्हा रंगानंच ठेवतात. नियम माहीत असतो, पण हात आधीच्या नियमावर चालत राहतो. चार ते पाच वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलं हा बदल करू लागतात. तेव्हा साडेतीन वर्षांच्या मुलावर “सांगितलेलं ऐकत नाहीस” म्हणून चिडण्यात काही अर्थ नाही. ढीग मोडून, ताट रिकामं करून, नवीन वाट्या ठेवून नव्यानं सुरुवात केली, तर जुन्या ढिगांची ओढ निदान डोळ्यांसमोर राहत नाही.

मोठ्या बहिणीपुढे आजीनं आता जरा अवघड काम ठेवलं. लोकरीचे दोन लांब धागे घेऊन जमिनीवर दोन मोठे गोल केले. एका गोलात लाल बटणं, दुसऱ्यात चार भोकांची. लाल सात आत गेली. चार भोकांची जाऊ लागली आणि मुलगी थांबली. दोन बटणं लालही होती आणि चार भोकांचीही. ती त्यांना पहिल्या गोलातून उचलून दुसऱ्यात ठेवी, मग पहिल्यातून गेली म्हणून परत आणी. असं तीन-चारदा झालं. शेवटी तिनं दोन्ही बटणं गोलांच्या मधल्या जागेत, जमिनीवर ठेवली. ही जागा दोन्ही गोलांच्या बाहेर आहे, म्हणजे या बटणांना ना लाल म्हटलं गेलं ना चार भोकांचं. आजीनं काहीच सांगितलं नाही, फक्त एक धागा ओढून दुसऱ्यावर चढवला. मध्ये डोळ्याच्या आकाराची एक जागा तयार झाली आणि मुलीनं दोन बटणं तिथे सरकवली.

याच जागेपाशी मोठी मुलंही बेरजेत चुकतात. लाल सात, चार भोकांची सोळा, म्हणून गोलांत एकूण तेवीस? मोजून पाहिलं तर एकवीस भरतात. मधली दोन बटणं दोनदा मोजली गेली होती. आणि गोलांच्या बाहेर राहिलेली नऊ, चार पांढरी आणि पाच काळी, सगळी दोन भोकांची. एकवीस आणि नऊ, पुन्हा तीस. शाळेत पुढे संचांचे छेद आणि संयोग शिकवतात, ते हेच आहे, फक्त तिथे लोकर नसते.

एक प्रश्न आजीनं सहज विचारला आणि त्याचं उत्तर ऐकून तिला आश्चर्य वाटलं. “ताटात पांढरी बटणं जास्त आहेत की बटणं जास्त आहेत?” मुलगी म्हणाली, “पांढरी. काळी नऊच आहेत.” पियाजे यांनी हाच प्रश्न लाकडी मण्यांवरून विचारला होता, बरेचसे तपकिरी आणि दोनच पांढरे मणी घेऊन: तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी जास्त? लहान मुलं ठामपणे तपकिरी सांगत. त्यांचं म्हणणं असं, की मूल तपकिरी मणी मनात वेगळे काढतं तेव्हा त्याच्यापुढे तुलनेला फक्त उरलेले पांढरेच राहतात. भाग आणि पूर्ण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणं सात-आठ वर्षांच्या सुमारास जमतं. पण सगळा दोष मुलाचा नसतो, प्रश्नाचाही असतो. ब्रिटनमध्ये 1978साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खेळण्यातल्या गाई आडव्या करून ठेवल्या होत्या, तीन काळ्या, एक पांढरी. “काळ्या गाई जास्त की गाई जास्त?” याचं बरोबर उत्तर सुमारे पाव मुलांनी दिलं. “काळ्या गाई जास्त की झोपलेल्या गाई जास्त?” असं विचारल्यावर जवळजवळ निम्म्या मुलांनी बरोबर सांगितलं. पूर्ण गटाला एक ठसठशीत विशेषण मिळालं आणि तो डोळ्यांपुढे उभा राहिला. म्हणून “ताटातली सगळी बटणं” असं म्हणून, ताटावरून हात फिरवून प्रश्न पुन्हा विचारावा.

वर्गवारीची उलटी बाजूही असते. गुणधर्मांवरून ढीग करायचे त्याऐवजी गुणधर्मांवरून एकच वस्तू शोधायची. अमेरिकी लेखक-चित्रकार आर्नल्ड लोबेल यांच्या 1970च्या ‘फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स’ या पुस्तकात हरवलेल्या बटणाची एक कथा आहे आणि तिची सगळी बांधणी याच शोधावर आहे. टोडच्या कोटाचं बटण फिरायला गेल्यावर कुठेतरी पडतं. दोघे मित्र शोधत निघतात, वाटेत बटणं सापडत जातात आणि प्रत्येक एकेका बाबतीत नापास होतं: एक काळं निघतं, एकाला दोनच भोकं असतात, एक लहान, एक चौकोनी, एक पातळ. प्रत्येक नकारासोबत हरवलेल्या बटणाचा एक-एक गुण वाचणाऱ्या मुलाला कळत जातो. शेवटपर्यंत येताना ते बटण पांढरं, चार भोकांचं, मोठं, गोल आणि जाड आहे हे मुलाला पाठ झालेलं असतं, आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ही कथा वाचून दाखवताना प्रत्येक बटणाशी थांबून “हे का नाही चालणार?” असं विचारलं की मुलं लोबेलच्या आधी उत्तर देतात.

बटणांचा डबा प्रत्येक घरात असतो असं नाही. महाराष्ट्रात बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी 1945मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या आणि पुढे 1957मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथल्या मुलांपर्यंत पोचणार नव्हती, तेव्हा त्यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तू साधन म्हणून घेतल्या: खडे, शिंपले, बिया, पानं. बियांमध्येही रंग असतो, माप असतं. मात्र भोकांसारखा मोजून सांगता येणारा, वादातीत गुण बियांमध्ये सहज मिळत नाही, आणि बटणांचं वेगळेपण तिथेच आहे. रंगाची सीमा ठरवावी लागते, मापाला तुलना लागते, भोकं मोजावी लागतात. एकाच मूठभर वस्तूंमध्ये विचार करण्याच्या या तीन वेगवेगळ्या रीती क्वचितच एकत्र सापडतात.

संध्याकाळी आठ वर्षांचा मामेभाऊ शाळेतून आला तेव्हा आजीनं खेळ बदलला. तिनं एक बटण मनात धरलं आणि मुलांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. नात एकेका बटणावर बोट ठेवू लागली: “हे आहे? हे? हे?” असं विचारलं तर नशीब फिरेपर्यंत तिसाव्या बटणापर्यंतही जावं लागतं. अमेरिकेतल्या मोशर आणि हॉर्नस्बी या दोन संशोधकांनी 1966मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेचाळीस चित्रांवर हाच खेळ घेतला होता. सहा वर्षांची मुलं बहुतेक वेळा असेच एकेका चित्राचे प्रश्न विचारत, त्याहून मोठी मुलं गठ्ठ्यानं चित्रं बाद करणारे प्रश्न हळूहळू शोधू लागत आणि अकराव्या वर्षापर्यंत ते बहुतेकांच्या अंगवळणी पडलेलं असे.

भाऊ ताटाकडे पाहत जरा वेळ गप्प बसला. मग त्यानं विचारलं, “पांढरं आहे का?” नाही. चौदा बटणं एकदम गेली, सोळा राहिली. “चार भोकांचं आहे का?” नाही. आणखी सहा गेली, दहा राहिली. “लाल आहे का?” हो. पाच. “मागे कडी आहे का?” हो. चार प्रश्नांत तीसांतून तीन उरली, फ्रॉकची ती तीन लाल बटणं. आता मात्र तो अडला. रंग तोच, माप तेच, भोकं तिघांनाही शून्य. ज्या तीन गुणांवर दिवसभर सगळा डाव चालला होता, त्यातला एकही गुण आता उपयोगाचा नव्हता. नातीनं तिन्ही बटणं उलटी केली. एकाच्या कडीत फ्रॉकचा तुटका निळा दोरा अजून अडकलेला होता.

“आजी,” तिनं विचारलं, “दोरा आहे का?”